1.6, 34 आणि 24: किडनी मंदावल्यावर गोळीचा डोस

*सासूबाई 72 वर्षांच्या, वजन 48 किलो, उंची 150 सेंटीमीटर. मधुमेह बारा वर्षं. सकाळ-संध्याकाळ ग्लिमेपिराइड 1 आणि मेटफॉर्मिन 1000 एसआर अशी एकत्र गोळी, शिवाय बीपीसाठी टेल्मिसार्टन 40. परवापासून लघवीला जळजळ आणि ताप, जेवण अर्ध्यावर आलंय. रिपोर्टात क्रिएटिनीन 1.6 (तीन महिन्यांपूर्वी 1.5), ई-जीएफआर 34. घराजवळच्या डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सासिन 500 रोज एक, सात दिवस दिली आणि मेटफॉर्मिन कायमची बंद करायला सांगितली. मधुमेहाच्या डॉक्टर फोनवर म्हणाल्या, मेटफॉर्मिन पुढे निम्मी करू आणि लिव्होफ्लॉक्सासिन दुसऱ्या दिवसापासून 250 घ्या. ह्यांचं म्हणणं, किडनी कमजोर आहे तर पहिल्या दिवसापासूनच अर्धी द्यावी. मागच्या वेळच्या नायट्रोफ्युरँटॉइनच्या गोळ्याही घरात उरल्यात. कुणाचं ऐकू?*

*– एक सून, कोथरूड*

लिव्होफ्लॉक्सासिनबद्दल मधुमेहाच्या डॉक्टरांचं ऐका: पहिली गोळी पूर्ण 500ची, दुसऱ्या दिवसापासून रोज 250. मेटफॉर्मिनबद्दल दोन्ही डॉक्टर थोडे थोडे बरोबर आहेत. ताप आहे आणि पोटात काही जात नाही तोवर ती थांबवायची, पण कायमची नाही. नायट्रोफ्युरँटॉइनची स्ट्रिप मात्र कपाटातच राहू द्या. आज एवढंच करा: दोन्ही डॉक्टरांची मतं वेगळी आहेत हे ज्यांनी चिठ्ठी लिहिली त्यांना फोन करून सांगा, वजन आणि ई-जीएफआर कळवा, आणि बदललेला डोस त्यांच्याकडूनच लिहून घ्या. घरातल्या घरात गोळी कमी-जास्त करू नका. आता यामागचं गणित सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी चिठ्ठी हातात पडताच काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

सुरुवात त्या 1.6 पासून. रिपोर्टात शेजारी नॉर्मल म्हणून 1.2 च्या आसपासचा आकडा छापलेला असतो. त्यामुळे 1.6 म्हणजे 'जरासं वाढलंय' असं वाटतं, आणि इथेच फसायला होतं. क्रिएटिनीन स्नायूंमधून तयार होतं. सत्तरीतल्या, 48 किलोच्या बाईच्या अंगात स्नायू मुळातच कमी, म्हणजे क्रिएटिनीन तयारच कमी होतं. तरीही ते रक्तात 1.6 पर्यंत साठलंय, याचा अर्थ ते बाहेर टाकायचं काम बरंच मंदावलंय. हाच 1.6 चा आकडा तिशीतल्या, 80 किलोच्या पैलवानाच्या रिपोर्टात आला तर त्याची किडनी सासूबाईंच्या कितीतरी पुढे असेल. म्हणून नुसत्या क्रिएटिनीनवर डोस ठरवत नाहीत. त्यात वय, लिंग आणि कधी वजन घालून गाळण्याचा वेग काढतात.

तो वेग काढायचे दोन मार्ग तुमच्या कामाचे आहेत. एक लॅबने आपणहून छापलेला ई-जीएफआर, म्हणजे 34. यात वजन विचारात घेतलेलं नसतं. शरीराचं क्षेत्रफळ 1.73 चौरस मीटर आहे असं गृहीत धरून तो आकडा येतो. दुसरा मार्ग 1976 सालच्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राचा. तो मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो: 140 मधून वय वजा करा, उरलेल्याला किलोतल्या वजनाने गुणा, मग 72 गुणिले क्रिएटिनीनने भागा, आणि रुग्ण स्त्री असेल तर 0.85 ने गुणा. सासूबाईंसाठी 140 वजा 72 म्हणजे 68. 68 गुणिले 48 म्हणजे 3264. खाली 72 गुणिले 1.6 म्हणजे 115.2. भागाकार 28.3, आणि तो 0.85 ने गुणला की 24. मिनिटाला 24 मिलिलिटर. (जाता जाता: हे सूत्र ज्या रुग्णांवरून बेतलं, ते जवळजवळ सगळे पुरुष होते. स्त्रियांसाठीचा तो 0.85 अंदाजाने जोडलेला आहे. तरीही इतकी वर्षं औषधांच्या माहितीपत्रकांतले तक्ते याच सूत्रावर चालतायत.)

34 आणि 24 यांत एवढी तफावत का, असं तुम्ही विचाराल. बरीचशी तफावत सासूबाईंच्या चणीची आहे. 150 सेंटीमीटर आणि 48 किलो म्हणजे क्षेत्रफळ साधारण 1.41 चौरस मीटर. लॅबचा 34 त्या प्रमाणात खाली आणला, म्हणजे 34 गुणिले 1.41 भागिले 1.73 केलं, तर 28 येतो. म्हणजे त्यांच्या शरीरातून प्रत्यक्षात मिनिटाला 24 ते 28 मिलिलिटर गाळलं जातंय. आपल्याकडच्या बारीक चणीच्या म्हाताऱ्या बायकांच्या बाबतीत लॅबचा आकडा नेहमीच असा थोडा जास्त आशावादी निघतो.

मग खरा कुठला धरायचा? औषधावर अवलंबून. ज्या औषधाची मर्यादा ज्या मापाने ठरवलेली आहे, तेच माप त्या औषधाला लावायचं. मेटफॉर्मिनच्या मर्यादा ई-जीएफआरवर ठरल्या आहेत, म्हणून तिथे 34. बहुतेक अँटिबायोटिक्सचे तक्ते कॉकक्रॉफ्ट-गॉल्टवर आहेत, म्हणून तिथे 24. हा फरक दर वेळी महत्त्वाचा ठरतो असं नाही. लिव्होफ्लॉक्सासिनच्या तक्त्यात 20 ते 49 हा एकच गट आहे, त्यात 24, 28 आणि 34 तिन्ही बसतात. पण ज्या औषधाची रेघ 30 वर आहे, तिथे 34 म्हटलं की रेघेच्या वर आणि 24 म्हटलं की खाली. दोन डॉक्टरांचे सल्ले वेगळे पडण्याचं हे एक नेहमीचं कारण. कुणी चुकलेलं नसतं, पट्टी वेगळी असते.

आता लिव्होफ्लॉक्सासिन. तुमच्या घरातला वाद नेमका यावरच आहे, म्हणून जरा सविस्तर.

हे औषध जवळजवळ पूर्ण किडनीतून, न बदलता लघवीत जातं. चांगली किडनी असलेल्या माणसात रक्तातलं औषध निम्म्यावर यायला सहा ते आठ तास लागतात. गाळण्याचा वेग 20 ते 49 मध्ये असलेल्या रुग्णांत तोच वेळ सरासरी 27 तासांवर जातो. याचा हिशेब गोळ्यांत मांडून पाहू. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा अचूक दाखवतो.

निरोगी माणसाने आज 500 घेतली, तर उद्या याच वेळी तिच्यातले जेमतेम 45 मिलिग्रॅम अंगात उरतात. नवीन 500 घातले की 545. तिसऱ्या दिवशी 549, आणि आकडा तिथेच, 550 च्या आसपास ठरतो. औषध येतं, काम करतं आणि जातं.

सासूबाईंनी रोज 500 घेतली तर? 27 तासांच्या हिशेबाने दुसऱ्या दिवशी जुन्यापैकी 54 टक्के अंगातच असतात, म्हणजे 270 मिलिग्रॅम. वर नवीन 500, एकूण 770. तिसऱ्या दिवशी 916. चौथ्या दिवशी 995. पाचव्या दिवशी 1037, म्हणजे निरोगी माणसाच्या जवळपास दुप्पट. पहिल्या दिवशी काहीच बिघडलेलं दिसत नाही आणि त्रास तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होतो, तो यामुळेच. तोवर ताप उतरलेला असतो आणि नवीन तक्रारीचा संबंध गोळीशी कुणी जोडत नाही.

मिस्टरांच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्यापासूनच 250 दिली तर? पहिल्या दिवशी अंगात 250. दुसऱ्या दिवशी 385, तिसऱ्या दिवशी 458, चौथ्या दिवशी 497. म्हणजे जंतू मारायला हवी ती पातळी गाठेपर्यंत चौथा दिवस उजाडतो. पहिले तीन दिवस जंतूंना अर्धामुर्धा मार बसतो, आणि मधुमेह असलेल्या 72 वर्षांच्या बाईच्या तापात ते तीन दिवसच सगळ्यात महत्त्वाचे असतात. किडनी मंद असली तरी पहिल्या दिवशी अंग औषधाने रिकामंच असतं. ते भरायला लागणारी मात्रा किडनीवर अवलंबून नसते, शरीराच्या आकारमानावर असते. किडनीचा प्रश्न येतो तो पुढे, रोजची घट किती भरून काढायची तिथे.

आणि मधुमेहाच्या डॉक्टरांचा हिशेब: पहिल्या दिवशी 500. दुसऱ्या दिवशी उरलेले 270 अधिक 250, म्हणजे 520. तिसऱ्या दिवशी 531, चौथ्या दिवशी 537. निरोगी माणसाच्या 550 शी ताडून पाहा. पहिली गोळी पूर्ण आणि नंतरच्या निम्म्या, हा सल्ला यातूनच आलाय, आणि औषधाच्या माहितीपत्रकातही तो तसाच दिलेला असतो. गाळण्याचा वेग 20 च्या खाली गेला तर त्यापुढचे 250 रोज न देता एक दिवसाआड देतात. 24 हा आकडा त्या रेघेपासून फार लांब नाही, हे लक्षात असू द्या. चिठ्ठीवर 750 ची गोळी असती, तर वेग 20 ते 49 असताना ती निम्मी करत नाहीत, एक दिवसाआड पूर्ण 750 देतात. म्हणून केमिस्टकडे 500 च्या जागी 750 ची स्ट्रिप मिळाली तर 'जास्त ताकदीची आहे, तोडून घ्या' हा सल्ला मानू नका.

लिव्होफ्लॉक्सासिन साठलं की काय दिसतं? झोप उडणं, भ्रमिष्टासारखं बोलणं, हातापायांना झटके. टाचेमागच्या शिरेत दुखणं किंवा सूज. साठी ओलांडलेल्यांत ही शीर तुटायचा धोका जास्त असतो, तेव्हा दुखू लागताच गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं. पण तुमच्या घरात सगळ्यात जवळचा धोका साखर एकदम उतरण्याचा आहे. लिव्होफ्लॉक्सासिन स्वतः साखर खाली आणू शकतं, ग्लिमेपिराइडसारख्या गोळीबरोबर ते जास्त होतं, ग्लिमेपिराइडचे अवशेष मंद किडनीत रेंगाळतात, आणि सासूबाईंचं जेवण अर्ध्यावर आलंय. चार कारणं एकाच आठवड्यात एकत्र आली आहेत. ग्लुकोमीटर घरी असेल तर हे सात दिवस प्रत्येक जेवणाआधी आणि रात्री झोपताना साखर बघा. 70 च्या खाली दिसली, किंवा घाम, थरथर, विचित्र वागणं दिसलं, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. वर आली तरी निर्धास्त राहू नका. मंद किडनीत ग्लिमेपिराइडचा असर काही तासांनी साखर परत खाली ओढतो, त्यामुळे असं एकदा झालं तरी त्या दिवशी डॉक्टरांना गाठायचं. बेशुद्धी असेल तर तोंडात काहीही न घालता थेट हॉस्पिटल.

एक छोटी पण नेहमी राहून जाणारी गोष्ट: अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध, कॅल्शियम, लोह किंवा झिंकची गोळी लिव्होफ्लॉक्सासिनबरोबर घेतली तर ते पोटातच त्यांना चिकटतं आणि रक्तात कमी जातं. आधी-नंतर दोन तास अंतर ठेवा.

नायट्रोफ्युरँटॉइन का नको, ते बघण्यासारखं आहे, कारण इथे डोस कमी करून काहीच साधत नाही. हे औषध रक्तात फारसं टिकत नाही. किडनी ते लघवीत ओतते आणि ते तिथेच जंतू मारतं. किडनीच मंद असेल तर लघवीत पुरेसं औषध पोहोचत नाही, आणि जे पोहोचलं नाही ते रक्तात राहून हातापायांच्या नसांना इजा करतं. म्हणजे गुण कमी आणि अपाय जास्त. वेग 30 च्या खाली असला की ते टाळतात, आणि सासूबाईंचा 24 आहे. दुसरं असं की ताप आहे म्हणजे जंतुसंसर्ग मूत्राशयाच्या वर, किडनीपर्यंत गेलेला असू शकतो, आणि तिथल्या पेशींत हे औषध पुरेसं शिरतच नाही. किडनी उत्तम असती तरी या तापाला ते चाललं नसतं.

लघवीचं कल्चर पाठवलंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पाठवलं नसेल तर विचारा. लिव्होफ्लॉक्सासिनच्या वर्गातल्या औषधांना आपल्याकडचे लघवीतले जंतू पुष्कळदा दाद देत नाहीत, त्यामुळे दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट आला की औषध बदलण्याची वेळ येऊ शकते. तेव्हा नव्या औषधासाठी हाच प्रश्न पुन्हा विचारायचा, कारण प्रत्येकाचं वागणं वेगळं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडची 625 ची गोळी 30 च्या खाली दर बारा तासांनी देतात, म्हणजे दिवसातून तीनदा नाही, दोनदा. आणि 1 ग्रॅमची मोठी गोळी मुळीच देत नाहीत. बघा, इथे 34 आणि 24 मधला फरक थेट चिठ्ठीत उतरतो. को-ट्रायमॉक्सॅझोल 30 च्या खाली निम्म्यावर आणतात, पण ते पोटॅशियम वाढवतं आणि टेल्मिसार्टनही वाढवतं, त्यामुळे तुमच्या घरी ते शक्यतो नकोच. अमिकासिनचं इंजेक्शन किडनीलाच इजा करू शकतं. द्यावंच लागलं तर डोस तोडण्यापेक्षा दोन इंजेक्शनांतलं अंतर वाढवतात आणि क्रिएटिनीनवर लक्ष ठेवतात. याउलट सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन बरंचसं पित्तावाटेही जातं, त्यामुळे एवढ्या वेगाला त्याचा नेहमीचा डोस बदलावा लागत नाही. 'किडनी कमजोर आहे, सगळ्याच गोळ्या अर्ध्या करा' हे म्हणूनच चुकीचं आहे.

हा सगळा हिशेब एका गृहीतावर उभा आहे: क्रिएटिनीन स्थिर आहे. तीन महिन्यांत 1.5 चं 1.6 होणं म्हणजे तसं स्थिरच. पण तापात, उलट्यांत, पाणी कमी पडलं की किडनी अचानक आणखी मंदावू शकते, आणि क्रिएटिनीन ते एक-दोन दिवस उशिरा सांगतं. काम आज निम्म्यावर आलं तरी रक्तातला आकडा हळूहळू चढत जातो. आज 1.6 आणि परवा 2.4 आला, तर 2.4 सूत्रात घालून येणारं उत्तरही खरं नसतं. खरा वेग त्याहून कमी असतो. म्हणून 48 तासांनी क्रिएटिनीन आणि पोटॅशियम पुन्हा करून घ्या. घरी येऊन रक्त नेण्याची सोय असेल तर तसंच करा, सासूबाईंना तापात रिक्षातून फिरवू नका. रक्त देण्याच्या आदल्या रात्री मटण-चिकन नको, शिजवलेल्या मांसाने क्रिएटिनीन काही तास वर दिसतं.

याच काळात हितचिंतक घरी येणार आणि जळजळीवर नारळपाणी सुचवणार. सासूबाईंना ते नको. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि मंद किडनी अधिक टेल्मिसार्टन या जोडीला ते झेपत नाही. पोटॅशियम सायट्रेट असलेलं जळजळीचं सिरपही त्याच कारणाने नको. साधं पाणी, पातळ ताक, धन्या-जिऱ्याचं पाणी चालेल. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांपैकी काही नको. तापाला पॅरासिटामॉल 500 पुरे. संकष्टी मध्ये आली तर या वेळी उपवास नाही, हे आधीच प्रेमाने पण ठामपणे सांगून ठेवा.

आता मेटफॉर्मिन. तिच्याबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय की ती किडनी खराब करते. ती करत नाही. ती किडनीतूनच, न बदलता बाहेर जाते, आणि किडनी मंदावली की अंगात साठते. साठलेली मेटफॉर्मिन क्वचित रक्तात लॅक्टिक अ‍ॅसिड वाढवते. हा प्रकार दुर्मिळ आहे, पण झाला तर जिवावर बेततो. तो बहुतेक वेळा नेहमीच्या दिवशी होत नाही. ताप, जुलाब, उलट्या, बीपी उतरणं अशा वेळी, किडनी अचानक बसली आणि गोळी मात्र सवयीने चालूच राहिली, की होतो. म्हणून आजच्या दिवसापुरतं घराजवळच्या डॉक्टरांचं 'बंद' बरोबर आहे. उलट्या, पोटदुखी, खूप गळाठा, खोल आणि जलद श्वास असं दिसलं तर साखर नॉर्मल असली तरी हॉस्पिटल गाठायचं आणि 'मेटफॉर्मिन चालू होती' हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

त्यांचं 'कायमची' बहुधा जुन्या नियमातून आलंय. पूर्वी स्त्रियांत क्रिएटिनीन 1.4 आणि पुरुषांत 1.5 झालं की मेटफॉर्मिन वर्ज्य, असा सरळ दंडक होता. त्यामुळे ज्यांना ती चालली असती अशा कित्येकांची बंद झाली. एप्रिल 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने हा दंडक काढून ई-जीएफआर हे माप लावलं: 30 च्या खाली वर्ज्य, 30 ते 45 मध्ये नव्याने सुरू करू नये, आधीपासून चालू असेल तर फायदा-तोटा पाहून ठरवावं. व्यवहारात 30 ते 44 मध्ये दिवसाचा डोस जास्तीत जास्त 1000 मिलिग्रॅमवर आणतात. 34 ला हेच लागू पडतं. म्हणजे आजारपणाआधीचे दिवसाचे 2000 जास्तच होते, आणि मधुमेहाच्या डॉक्टरांनी निम्मी म्हटलं ते म्हणूनच.

पण तुमच्या घरी निम्मी करणं दिसतं तितकं सोपं नाही, कारण गोळी एकत्र आहे. दोनपैकी एक गोळी बंद केली तर ग्लिमेपिराइडही निम्मं होतं. एसआर गोळी तोडली तर औषध हळूहळू सोडण्याची तिची रचना बिघडू शकते. आणि सगळ्यात जास्त होणारी चूक वेगळीच आहे: 'मेटफॉर्मिन बंद' म्हणून सुटी गोळी थांबवतात आणि एकत्र गोळीतली चालूच राहते, कारण स्ट्रिपवर मोठ्या अक्षरांत ब्रँडचं नाव असतं आणि आतली औषधं बारीक अक्षरांत. आज सासूबाईंच्या डब्यातली प्रत्येक स्ट्रिप उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचा आणि मेटफॉर्मिन, किंवा रिपोर्ट-चिठ्ठ्यांत कधी दिसणारं मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड, कुठेकुठे आहे ते वहीत लिहा. एकत्र गोळी थांबली की ग्लिमेपिराइडही थांबतं. आत्ता, जेवण कमी असताना, ते बरंच आहे. पण तापात साखर वरही जाते. रीडिंग सलग 250 च्या वर राहू लागली तर तात्पुरतं इन्सुलिन द्यायचं का, हे मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारा. टेल्मिसार्टन आज द्यायची की नाही, तेही विचारा. पाणी कमी पडलेलं असताना आणि बीपी उतरलेलं असताना ती एक-दोन दिवस थांबवतात.

थंडी वाजून ताप, उलट्यांमुळे गोळी टिकत नाही, लघवी फार कमी झाली, किंवा बोलणं विसंगत झालं, तर घरचे उपाय थांबवून दाखल करा. तिथे वजन, 1.6 हा आकडा त्याच्या तारखेसह, आणि स्ट्रिपांच्या मागून लिहून घेतलेली नावं, एवढा कागद बरोबर असला की पहिल्या इंजेक्शनाचा डोस ठरवायला डॉक्टरांना रिपोर्टची वाट बघावी लागत नाही.

ताप उतरून, व्यवस्थित खाणं-पिणं सुरू होऊन एक-दोन दिवस झाले की मेटफॉर्मिन परत सुरू करायचा प्रश्न येईल. त्याआधी क्रिएटिनीन पुन्हा करा. ई-जीएफआर 30 ते 44 मध्ये आला तर सुटी मेटफॉर्मिन 500 सकाळी आणि 500 रात्री, जेवणानंतर. ग्लिमेपिराइड वेगळं, आणि ते लागतंच का याचा विचार मधुमेहाच्या डॉक्टरांबरोबर. या वयात आणि या किडनीला लिनाग्लिप्टिनसारखी, किडनीप्रमाणे डोस बदलावा न लागणारी गोळी त्यांना जास्त पसंत पडेल अशी शक्यता आहे. 30 च्या खाली आला तर मेटफॉर्मिन सुरू करायची नाही, आणि आकडा आजारपणामुळे उतरलाय की खरंच, हे दोन-तीन आठवड्यांनी आणखी एकदा रक्त तपासून ठरवायचं. पुढे कधी सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी ठरली, तर रंगाचं इंजेक्शन द्यायच्या दिवशी मेटफॉर्मिन थांबवून 48 तासांनी क्रिएटिनीन पाहिल्यावरच ती परत सुरू होते. तारीख ठरवतानाच तिथल्या लोकांना तसं सांगा, कारण फॉर्मवर तो प्रश्न असतो आणि उत्तर मात्र पुष्कळदा रिकामं राहतं.